चौतीस पिशव्यांतली हवा

माझं डोकं लवकर तापतं, हे घरातले सगळे जाणून आहेत आणि आता नातवंडंसुद्धा त्यावरून चिडवतात. पण त्या एका पावसाळ्याची आठवण निघाली की जो संताप येतो, तो नेहमीचा नव्हे. साठ सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. मी तेव्हा मत्स्य खात्यात नवा लागलो होतो. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो म्हणून मला 'पाणी तपासणारा' अशी जागा मिळाली होती. यवतमाळला एक खोली, एक टेबल आणि बाटल्यांची एक लाकडी पेटी, एवढं माझं राज्य. जिल्ह्यातल्या तलावांचं पाणी आणायचं, त्यात किती ऑक्सिजन विरघळलाय ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. ती वही कोण वाचतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

झरी-जामणीकडे जंगलाच्या कडेला एक मोठा तलाव होता. तो भोयांच्या एका सोसायटीकडे होता. तीस-पस्तीस घरं, सगळी मासेमारीवर जगणारी. तलाव ठेक्याने त्यांच्याकडे राहायचा, पण अट अशी की दरवर्षी रोहू, कटला, मृगळ यांचं बीज, म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं, त्यात सोडली पाहिजेत. बीज सरकार देणार. ते सोसायटीच्या निष्काळजीपणाने मेलं, तर ठेका रद्द. वणीचा एक ठेकेदार त्या तलावावर डोळा ठेवून बसला होता, हे साऱ्या गावाला माहीत होतं. तलाव गेला असता, तर त्या पस्तीस घरांनी काय केलं असतं? दुसऱ्याच्या शेतात निंदण करायला गेले असते आणि स्वतःच्याच तलावावर पाणी भरायला चोरासारखे आले असते.

पूर्वी हे बीज मडक्यांतून यायचं. बंगालकडून आगगाडीने दोन-दोन दिवस. मडक्यासोबत माणूस बसायचा आणि सबंध प्रवासभर तळहाताने पाण्यावर थापट्या मारत राहायचा. थापटी बंद झाली की पिल्लं वर येऊन तोंडं उघडत आणि थोड्या वेळात उलटी होत. या सोसायटीत चेअरमनची थोरली बहीण होती, पन्नाशीची, विधवा. गाव तिला मावशी म्हणायचं, मीही म्हणायचो. नवऱ्याबरोबर तिनं अशा कितीतरी खेपा केल्या होत्या. तिच्या उजव्या तळहाताला कुदळ धरणाऱ्याच्या हाताला नसतील असे घट्टे होते. थापटी कशाला मारता, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, पाण्याले हवा चारा लागते, म्हणजे भरवावी लागते. मी मनात हसलो. मला वाटलं, बाईला कारण माहीत नाही, नुसती सवय आहे. किती मूर्ख होतो मी. तिनं चार शब्दांत सांगितलं होतं ते मी कॉलेजात दोन वर्षं शिकलो होतो.

त्या वर्षी मडकी बंद झाली आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. पिशवीत सहा लिटर पाणी घालायचं, पिल्लं सोडायची, वरची हवा दाबून काढून टाकायची आणि नळकांड्यातून शुद्ध ऑक्सिजन भरून, फुगवून तोंड घट्ट बांधायचं. थापटी नाही, काही नाही. एक-दीड दिवस पिल्लं आरामात राहतात. ही नवी पद्धत सोसायटीच्या लोकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते एवढ्या मिजाशीत केलं की आज लाज वाटते.

जिल्ह्याबाहेरच्या बीज केंद्रावर पहाटे आम्ही पोचलो. सोसायटीकडून मावशी आणि दुसरी एक बाई अशा दोघी आल्या होत्या, ट्रकमध्ये पिशव्यांपाशी बसायला. हौदाच्या काठावर मी त्यांना गणित सांगायला लागलो. वायू पाण्यात किती विरघळणार, हे त्या वायूचा स्वतःचा दाब पाण्यावर किती आहे त्यावर ठरतं. दाब दुप्पट, तर विरघळणारा वायू दुप्पट. आपल्या हवेत शंभरातले एकवीस भागच ऑक्सिजन. तिथला हवेचा दाब साधारण सातशे तीस मिलिमीटर पारा. त्यातले तीसेक पाण्याच्या वाफेचे जातात. उरले सातशे. हवा असेल तर त्या सातशेतले एकशे सत्तेचाळीसच ऑक्सिजनच्या वाट्याला येतात आणि तेवढ्या दाबाला, तीस अंशांच्या पाण्यात, एका लिटरमध्ये सातएक मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. नुसता ऑक्सिजन भरला, तर सातशेच्या सातशे त्याचेच. म्हणजे लिटरला पस्तीस मिलिग्रॅम. जवळजवळ पाचपट. त्या दोघींना मिलिग्रॅमचं काय कळणार, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. पाचपट एवढं मात्र मी तीनदा सांगितलं.

आणि पिशवी उघडायची नाही, हे दहादा. वाटेत कोणीही, कशासाठीही तोंड सोडायचं नाही. एकदा सुटलं की आतला ऑक्सिजन निघून जाईल, पाण्यावरचा त्याचा दाब पाचव्या हिश्शावर येईल आणि दीड हजार पिल्लं तेवढ्याशा पाण्यात दहा-पंधरा मिनिटांत घुसमटून मरतील. हेही गणित बरोबर होतं. सहा लिटरला सातच्या हिशेबाने बेचाळीस मिलिग्रॅम, आणि दीड हजार पिल्लं तासाला दोनशेच्या वर खातात. मावशीनं मान डोलवली. "नाही सोडणार, साहेब," एवढंच म्हणाली.

मग मी चहा प्यायला गेलो. हे वाक्य लिहिताना मला स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटते. पिशव्या भरण्यावर देखरेख करायची जबाबदारी माझी होती आणि मी स्टोअरकीपरच्या खोलीत बसून बशीत ओतून चहा पीत होतो. अर्ध्या तासाने त्याने एक छापील फॉर्म पुढे केला. चाळीस पिशव्या, प्रत्येकी दीड हजार, सर्व ऑक्सिजन भरून सीलबंद. बाहेर येऊन मी पाहिलं. चाळीस पिशव्या ट्रकमध्ये ओल्या गोणपाटावर मांडलेल्या होत्या, टम्म फुगलेल्या, एकसारख्या. मी सही केली.

जे झालं होतं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच कोड्यात ठेवल्यासारखं होईल आणि असल्या गोष्टीत कोडं कसलं? सहा पिशव्या भरून झाल्या आणि नळकांडं संपलं. दुसरं आणायला जायचं, तर दिवस जाणार. स्टोअरकीपरने चौकीदाराला सायकलचा पंप आणायला सांगितला. उरलेल्या चौतीस पिशव्या त्यांनी पंपाने फुगवल्या; दोघी बायका तेव्हा ट्रकमध्ये गोणपाट भिजवत होत्या. त्याच्या मते पिशवी फुगली म्हणजे भरली. आत काय आहे, ते दिसतं कुणाला? त्याने कुणाला मारायचं म्हणून हे केलं नाही. त्याला खरोखरच वाटलं की हवा ती हवा. पण मला त्याच्या भोळेपणाचं कौतुक नाही. ऑक्सिजन भरला असं त्याने लिहिलं होतं आणि तो भरलेला नाही हे त्याला ठाऊक होतं. एवढं खोटं पुरे आहे.

पहाटे पाचला निघालेला ट्रक दुपारी बाराच्या सुमाराला एका नाल्यापाशी अडकला. नाल्याला पूर होता, पाणी ठेंगण्या फरशीपुलावरून जात होतं. उतरेपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नव्हता. मी ड्रायव्हरशेजारी बसलेलो. मागे त्या दोघी, गोणपाटावर नाल्याचं पाणी शिंपडत.

दोनच्या सुमारास मावशी खाली उतरून माझ्या खिडकीशी आली. पदर कमरेला खोचलेला, पाय घोट्यांपर्यंत चिखलात. ती म्हणाली, "साहेब, पोरं वर तोंड करून राह्यले. मडक्यात मराच्या आधी करतात तसंच. तोंड सोडू द्या, घागरी हायेत, मी पाण्याले थापट्या मारतो."

मी चिडलो. अडाणी बाईने माझ्या पाचपटीवर शंका घेतली याचा मला राग आला, खरं कारण तेच. मी खिशातून सिगरेटचं पाकीट काढलं आणि त्यावर तिथल्या तिथे हिशेब मांडला. पिशवीत बारा लिटर ऑक्सिजन, म्हणजे साधारण चौदा ग्रॅम. दीड हजार पिल्लांना तासाला पाव ग्रॅमहून थोडा कमीच लागतो. नऊ तास झाले, म्हणजे संपला असेल दोन ग्रॅमच्या आत. बारा ग्रॅम अजून शिल्लक. पाण्यात लिटरला तीसच्या आसपास असायलाच हवा. पिल्लं घुसमटणं शक्यच नव्हतं. मी मान वळवून मागच्या फळीच्या फटीतून सर्वांत जवळची पिशवी पाहिली. आत पिल्लं शांतपणे तळाशी पोहत होती. मी तिला ती दाखवली आणि म्हटलं, हे बघा, कुठे तोंड वर करताहेत?

ती म्हणाली की ही नाही, तिकडच्या. खाली उतरून पाहा म्हणाली. माझ्या पायात नवे बूट होते आणि बाहेर घोट्याएवढा चिखल होता. मी म्हणालो, मी सांगतो तेवढं करा, पिशवीला हात लावू नका. लावलात आणि मेली, तर तुमचा तलाव जाईल आणि त्याला मी जबाबदार नाही. तलावाचं नाव काढल्यावर ती वळली, मागे जाऊन बसली. मी जी पिशवी पाहिली होती, ती नळकांड्यातून भरलेल्या सहांपैकी होती. त्या सहाही पिशव्या सगळ्यांत आधी चढवल्या म्हणून अगदी पुढे, माझ्या पाठीशी होत्या.

संध्याकाळी सातला आम्ही तलावावर पोचलो. अख्खं गाव काठावर जमलं होतं, चेअरमनने नारळ आणला होता. पिशव्या उतरवायला लागले आणि बोलणं हळूहळू थांबत गेलं. चौतीस पिशव्यांत पांढरी पोटं वर आलेली होती. सहा पिशव्यांत पिल्लं जिवंत. नारळ चेअरमनच्या हातातच राहिला.

मला तेव्हाही वाटलं की या बायकांनीच काहीतरी केलं असणार. एवढा मी गणितावर विसंबलो होतो. पण माझी पेटी माझ्यासोबत होती, आणि नोकरीत मला एकच गोष्ट नीट येत होती. मेलेल्या पिल्लांच्या एका न उघडलेल्या पिशवीच्या गाठीतून मी बारीक रबरी नळी आत घातली आणि बुडबुडा न येऊ देता पाणी बाटलीत काठोकाठ भरून घेतलं. जिवंत पिल्लांच्या एका पिशवीतलंही तसंच. दोन्हींत मँगनीजचं द्रावण टाकलं, मग आयोडाइड मिसळलेला अल्कली. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तळाशी तपकिरी गाळ बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. जिवंत पिशवीच्या बाटलीत कातासारखा गडद गाळ बसला. मेलेल्या पिशवीच्या बाटलीत चुन्यासारखा पांढरा.

मावशी शेजारी उकिडवी बसून बघत होती. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मला आधी स्टोअरकीपर आठवला नाही, सिगरेटचं पाकीट आठवलं.

चेअरमनकडे नारळासोबत उदबत्त्या होत्या. एक पेटवून फुंकली आणि तिचं जळतं टोक एका मेलेल्या पिशवीचं तोंड जरा सैल करून आतल्या हवेत धरलं. विझली. जिवंत पिशवीत धरली, तर टोक लखकन पेटलं. मग शाळेच्या ओट्यावर बसून मी दोन्ही बाटल्यांत आम्ल घातलं आणि स्टार्चने आलेला निळा रंग जाईपर्यंत हायपोच्या द्रावणाचे थेंब मोजले; त्यावरून ऑक्सिजन किती ते कळतं. जिवंत पिशवीत लिटरला सव्वीस मिलिग्रॅम. मेलेल्यात एक.

आता हिशेब उलटा मांडायचा होता. चौदा तासांचा प्रवास. एवढ्या वेळात दीड हजार पिल्लांना जास्तीत जास्त तीन ग्रॅम ऑक्सिजन लागला असता. चौदातून तीन गेले तर अकरा उरायला हवेत आणि पाण्यात लिटरला सव्वीस-सत्तावीस. जिवंत पिशवीत नेमकं तेवढंच सापडलं. मग मेलेल्या पिशव्यांतले अकरा ग्रॅम गेले कुठे? पिशवी तर फुटली नव्हती, सैलही पडली नव्हती. उत्तर एकच होतं. ते अकरा ग्रॅम आत कधी गेलेच नव्हते. साधी हवा भरली, तर बारा लिटरमध्ये ऑक्सिजन तीनच ग्रॅम असतो. जसजसा तो संपत जातो, तसतसा पाण्यावरचा त्याचा दाब उतरतो आणि पाण्यात विरघळलेलाही उतरतो. नवव्या तासाला लिटरला तीनच्या खाली, अकराव्या तासाला दोनच्याही खाली. नववा तास म्हणजे दुपारचे दोन. मावशी माझ्या खिडकीशी आली ती वेळ.

ते मी कागदावर मांडलं. अकरावा तास म्हणजे चार वाजता. दोन तास होते आमच्या हातात. शेजारी नाल्याचं वाहतं पाणी होतं, घागरी होत्या आणि आयुष्यभर थापट्या मारलेला एक हात होता.

आठवड्यानंतर यवतमाळच्या कचेरीत चौकशी बसली. त्याआधी आमच्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं. गोरेपान, सदा इस्त्रीचे कपडे, तलावाच्या काठाला उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले की प्रकरण सरळ आहे. पिशव्या सीलबंद आल्या, तुमची सही आहे. बायकांनी त्या हलवल्या, उन्हात ठेवल्या, कदाचित उघडल्याही. सहा पिशव्या जवळ होत्या, तेवढ्या सांभाळल्या. असं लिहा आणि मोकळे व्हा. ठेका पुढे कुणाला द्यायचा, ते नंतर बघू.

मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून वाचला आणि म्हणाले, "पिशवी फुगलेली होती ना? मग दाब तर होताच. दाब असेल तर तुमच्याच नियमाने वायू विरघळतो."

मी म्हणालो की पिशवीचा दाब नव्हे, ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब. दोन्ही पिशव्या सारख्याच टणक लागतात, पण एकीत पाण्याला सातशे मिलिमीटरचा ऑक्सिजन भेटतो आणि दुसरीत एकशे सत्तेचाळीसचा. नायट्रोजनने पिशवी फुगते, मासा जगत नाही. हे मी त्यांना शांतपणे समजावलं, असं सांगायला आवडलं असतं. मी ओरडलो. बाहेर बसलेला शिपाई दार उघडून बघून गेला. मी म्हणालो की ज्या बायकांनी तुमचं बीज मांडीवर घेऊन आणलं त्यांच्या नावावर तुम्ही हे खून लिहिणार असाल, तर मी या दोन बाटल्यांचे आकडे चौकशीत सगळ्यांसमोर वाचीन, मग मला कुठेही पाठवा.

आणि मी वाचले. सहकार खात्याचा एक अधिकारी, आमचे साहेब, स्टोअरकीपर, चेअरमन आणि मावशी. सहकारवाला म्हातारा पूर्वी शाळेत शिक्षक होता. त्याने पेन्सिल घेऊन माझी प्रत्येक ओळ पडताळली. चौदा वजा तीन, अकरा. मग चष्मा काढून त्याने स्टोअरकीपरला एकच प्रश्न विचारला, नळकांडं किती पिशव्यांना पुरलं? स्टोअरकीपर आधी साहेबांकडे बघत राहिला, मग खाली मान घालून म्हणाला, सहा.

वाटलं, जिंकलो. साहेबांचा चेहरा पडला होता आणि मला त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याचा आनंद लपवता येत नव्हता.

मग त्या म्हाताऱ्याने मावशीला विचारलं की बाई, तुम्ही पिशव्यांपाशी बसला होता, तुम्हाला काही दिसलं नाही का? ती म्हणाली, दिसलं होतं. दोन वाजताच दिसलं होतं. सांगितलं होतं. कुणाला, असं त्याने विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पेन्सिल टेबलावर ठेवायला लागते तेवढाच. मला तोंड उघडायचं होतं. 'मला' एवढी दोनच अक्षरं म्हणायची होती. पण समोर माझी सही असलेला फॉर्म पडला होता, त्याला सगळे 'विश्वासाने केलेली सही' म्हणून सोडून द्यायला तयार झाले होते, आणि आत्ताच मी शूर ठरलो होतो. मी टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिलो.

ती म्हणाली, "ज्याले सांगाचं त्याले सांगितलं." चौकशीत कुणालाही त्याहून जास्त नको होतं. म्हाताऱ्याने लिहिलं की सोबतच्या स्त्रियांनी वेळीच सूचना दिली होती, परंतु पूर असल्याने कार्यवाही होऊ शकली नाही. पूर असल्याने! मी ते वाक्य खोडायला लावलं नाही.

तलाव सोसायटीकडेच राहिला. स्टोअरकीपरची बढती थांबली. माझ्या फाईलवर शाबासकीचा शेरा आला. त्याच्यावर साहेबांनाच सही करावी लागली. पुढे तो शेरा मला दोन वेळा कामाला आला, हे कबूल करायला हवं. एवढी वर्षं मी त्या साहेबांवर आणि त्या पंपावर संतापत आलो, घरी, मित्रांत, कुठेही. ऐकणाऱ्यांना ती गोष्ट आवडायची. नाल्यापाशी थांबलो होतो, एवढंच मी सांगायचो आणि पुढे निघायचो.

कचेरीच्या बाहेर कडुनिंबाखाली चेअरमन माझे हात धरून म्हणत होता की साहेब, तुम्ही नसते तर आमचं घरदार उठलं असतं. मी नको नको म्हणत होतो आणि आतून सुखावत होतो. मावशी थोडी दूर उभी होती. तो बिडी आणायला गेल्यावर ती जवळ आली. माझ्या हातात तो हिशेबाचा कागद अजून होता. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं त्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं.

"यात दोन वाजताचं कुठं लिवलं हाये?" तिनं विचारलं.

नवव्या तासाची ओळ मी दाखवली. लिटरला तीनच्या खाली. म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, म्हणजे पिल्लं त्या वेळेला घुसमटून वर यायला लागली असणार.

"मंग मी तेच त बोलली होती," ती म्हणाली. "तवा काहून नाही आयकलं?"

मी तिला बुटांचं सांगितलं नाही. माफ करा, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. मग गाडीची वेळ झाली म्हणून ती निघून गेली.